खिडकीवरचा कागद आणि गट नंबर २१२

तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी येणारे अर्ज बहुतेक एकाच छापाचे. "आमच्या वडिलोपार्जित जमिनीचे सर्व जुने कागद मिळावेत." बाहेर टेबल टाकून बसलेले अर्जलेखक "उपरोक्त विषयान्वये" करत पान भरतात आणि गावाचं नाव मात्र अर्धंच लिहितात. आमचे कागद गाववार रुमालांत, म्हणजे कापडी गठ्ठ्यांत, बांधलेले. बुद्रुक की खुर्द, हेच नसेल तर कोणता रुमाल सोडायचा?

शेवटी मी एका पानावर चार गोष्टी लिहून खिडकीवर चिकटवल्या: तालुक्यासह गावाचं पूर्ण नाव, नेमका कोणता कागद (सातबारा की फेरफार, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याची नोंद), त्याचा नंबर, आणि वर्ष. हे असेल तर रुमाल सोडून कागद तासाभरात हातात येतो.

मग एक बाई आल्या. वाटपाचा दावा चालू, तारीख जवळ आलेली. अर्जात फेरफार, गट नंबर २१२, सन १९५४, गाव, तालुका, सगळं. आमच्या सहकाऱ्याने "आढळून येत नाही" असा शेरा मारायला पेन उघडलंसुद्धा. हा शेरा त्याला फार आवडतो. उठावं लागत नाही.

"साहेब, तुमच्या कागदावर लिहिलंय तसंच भरलंय की," बाई म्हणाल्या.

खरंच होतं. पण त्या गावात एकत्रीकरण योजना १९५४ नंतर लागू झाली. सर्व्हे नंबरांचे गट तेव्हा पडले, म्हणजे १९५४ साली गट २१२ अस्तित्वातच नव्हता. शिवाय फेरफाराची वही, म्हणजे गाव नमुना ६, जमिनीच्या नंबराने नाही, फेरफार क्रमांकाने चालते. गट नंबर घेऊन ती चाळत बसणं व्यर्थ.

मी बाईंना म्हटलं, "ताई, आधी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा आणा." त्यात जुन्या सर्व्हे नंबराचा गट कोणता झाला ते कळतं. उतारा घेऊन आल्या. गट २१२ म्हणजे जुना सर्व्हे नंबर ८७, हिस्सा २. मग त्या काळचा हस्तलिखित सातबारा काढला. सासऱ्यांच्या वडिलांच्या नावाला कंस केलेला, म्हणजे ते नाव कमी झालेलं, खाली नवं नाव आणि शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक. तो क्रमांक हातात आल्यावर वहीतली नोंद काढायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. वारसाचीच नोंद होती, मंडल निरीक्षकाच्या सहीसकट.

पानावरची तिसरी ओळ मी आता बदलली आहे: "त्या वर्षी जो नंबर होता तो, फेरफार हवा असेल तर फेरफार क्रमांक." सहकारी म्हणतो, एवढं लोकांना कळत असतं तर ते इथे कशाला आले असते? ते खोडून काढता येत नाही. ज्यांना सर्व्हे नंबर ठाऊक नाही त्यांना आधी भूमी अभिलेखला पाठवावं लागतं, आणि तिथे खिडकीवर आमच्यासारखा कागदही नाही.