सावलीतला डोळा

आईचं चित्र करून हवं म्हणून बहीण-भाऊ आले, तेव्हा त्यांच्याकडे मोबाइलवर फिरत फिरत आलेला एका ग्रुप फोटोचा तुकडा होता. त्यात चेहरा जेमतेम साठ पिक्सेल रुंद. प्रिंट घरात असताना लोक तिचा मोबाइलने फोटो काढून मेसेजने पाठवतात आणि चित्रात डोळ्यांतली चमक मागतात, याचा मला मनापासून त्रास होतो. मी मूळ प्रिंट मागवली.

तिच्यात चेहरा दीड सेंटीमीटर उंच होता. १२०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला १२०० ठिपके घेऊन, स्कॅन केल्यावर सुमारे सातशे पिक्सेल मिळाले, पण खरा तपशील त्याच्या पाव हिश्श्याएवढाच. बाकी सगळे कागदाचे तंतू. फोटो कृष्णधवल असला तरी मी स्कॅन रंगीतच करतो. त्यामुळे लाल, हिरवा आणि निळा हे रंगांचे तीन थर, म्हणजे चॅनेल, वेगवेगळे पाहता येतात. कागदावर पडलेला पिवळट डाग निळ्या चॅनेलमध्ये गडद दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ विरून जातो. जे मुळात चेहऱ्यावर होतं, ते तिन्ही चॅनेलमध्ये टिकतं. हनुवटीवरचा ठिपका असा विरला. नाकपुडीजवळचा बारीक ठिपका मात्र जागचा हलला नाही. तो बहिणीला दाखवला तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "हा तीळ आम्ही विसरलोच होतो."

फोटो भर उन्हातला होता, ऊन एका बाजूने आणि वरून. डावा डोळा पूर्ण काळोखात. मी प्रतिमा धूसर करून तिचे तीनच टोन ठेवले: उजेड, मधला, गडद. ओळख याच मोठ्या आकारांत असते. चित्र अंगठ्याएवढं लहान करूनही माणूस ओळखू आला, तरच मी पुढची रेघ ओढतो. डावी बाजू मी एका सपाट गडद आकारात सोडली आणि वरच्या पापणीची फक्त कड दाखवली.

भावाला ते लगेच पटलं. बहीण मला म्हणाली, "दादा, तिचा हा डोळा उघडून द्या ना. उजव्यावरूनच काढा."

अनेक जण उजवा डोळा उलटवून डावीकडे चिकटवतात. मला ते अजिबात मान्य नाही. कुणाच्याच चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. एक पापणी थोडी खाली असते, एक भुवई जरा वर. उलटवलेल्या डोळ्याने चेहरा नीटस होतो, पण तो वेगळ्याच बाईचा. जे फोटोत नाही ते मी रचणार नाही, असं तिला सांगितलं. तिने ऐकलं, पण तिचं समाधान झालं नाही.

माझं म्हणणं मी आजही सोडणार नाही. पण तिला आईचे दोन्ही डोळे आठवतात आणि माझ्याकडे एकच होता, हेही तितकंच खरं. तो डोळा उजेडात असलेला दुसरा कुठलाही फोटो मिळाला, तर त्यावरून काढून देईन, असं मी म्हटलंय. ती नातेवाइकांकडचे अल्बम शोधते आहे आणि चित्राची फाइल मी अजून बंद केलेली नाही.