लॅम्पच्या मानेला तीन सांधे

"फुटेज पाठवलं की एडिटर काम सुरू करतोच ना? मग तुम्ही आधी त्याला दोन पानांचं पत्र का लिहिता? आणि प्रॉम्प्ट पॅक त्याला कशाला हवा?"

ही सवय मला एका शॉटने लावली. टेबललॅम्पवरची 60 सेकंदांची फिल्म होती, एकूण 14 शॉट. त्यातले 9 कॅमेऱ्याने घेतले होते आणि 5 एआयने बनवलेले होते, कारण रात्रीची खोली आणि खिडकीबाहेरचा पाऊस हे हातातल्या वेळात चित्रित होणार नव्हतं. एडिटरला मी क्लिप दिल्या आणि प्रॉम्प्ट मेसेजवर पाठवून दिले. दुरुस्त्यांच्या दुसऱ्या फेरीत क्लायंटनी सांगितलं, सहाव्या शॉटमध्ये लॅम्प थोडा उशिरा लागू दे. एडिटरने प्रॉम्प्टमधले दोन शब्द बदलून क्लिप नव्याने बनवली. लॅम्प उशिरा लागला, पण त्याच्या पितळी मानेला तीनऐवजी दोनच सांधे आले. सातव्या आणि आठव्या शॉटमध्ये मात्र तीन. ग्रेडिंग आणि आवाजाचं काम उरकल्यावर ते लक्षात आलं. फेऱ्या तीन ठरल्या होत्या, झाल्या सात. त्या एडिटरने एका शब्दानेही तक्रार केली नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं, कारण चूक पूर्णपणे माझी होती.

कॅमेऱ्याच्या शॉटमध्ये "थोडा उशिरा" म्हणजे कट सरकवायचा. एआयने बनवलेल्या शॉटमध्ये तेच वाक्य नवं शूटिंग ठरू शकतं. नव्या क्लिपमध्ये लॅम्प, टेबल, खिडकी, उजेड सगळं पुन्हा घडतं आणि मागच्यासारखंच घडेल याची खात्री नसते. कागदावर दोन्ही सूचना सारख्याच दिसतात, म्हणून त्या वेगळ्या करून दाखवण्यासाठी मी पत्र लिहिते.

पत्रात आधी प्रॉम्प्ट पॅक येतो. प्रत्येक बनवलेल्या शॉटचं एक फोल्डर असतं. त्यात अंतिम प्रॉम्प्ट जसाच्या तसा, कुठलं मॉडेल आणि त्याची कुठली आवृत्ती, टूल दाखवत असेल तर सीड, म्हणजे ज्या यादृच्छिक आकड्यापासून क्लिप बनायला सुरुवात होते तो, आणि ज्या स्थिर चित्रावरून क्लिप बनवली ते चित्र. यातलं चित्र सगळ्यात मोलाचं. लॅम्पला किती सांधे आहेत ते शब्दांपेक्षा चित्र नीट धरून ठेवतं. सीड तोच ठेवला तरी मॉडेलची आवृत्ती बदलली की निकाल बदलतो, म्हणून आवृत्ती लिहिल्याशिवाय सीडचा उपयोग नाही. सहाव्या शॉटचा प्रॉम्प्ट आता असा आहे:

```
Static camera, eye level. Brass desk lamp,
three joints in its neck, left third of frame.
Rain on the window behind. The lamp switches on.
Nothing else moves.
```

त्याखाली मी मराठीत दोन ओळी लिहिते: काय बदललं तर चालेल आणि काय अजिबात नाही. "पावसाचा जोर कमी-जास्त चालेल. सांधे तीनच, लॅम्प डावीकडेच." एडिटरने प्रॉम्प्ट चालवावेत म्हणून हा पॅक नसतो. शॉट कशावर उभा आहे आणि काय हलवलं तर तो कोसळेल, हे त्याला कळावं म्हणून असतो. टेकही मी तीनच पाठवते, SH06_T01 ते SH06_T03. पूर्वी वीस-वीस पाठवायचे आणि निवडायचं माझं काम त्याच्या डोक्यावर टाकायचे.

शॉट लिस्टमध्ये क्रमांक, शॉटमध्ये काय दिसतं, किती सेकंद हवा आणि तो कॅमेऱ्याचा की बनवलेला, एवढं असतं. आणखी एक रकाना मी मुद्दाम ठेवते: "कोणाशी जुळायला हवा". सहाव्यासमोर लिहिलेलं असतं, "7 आणि 8 : मान, टेबलाचा रंग, खिडकीची बाजू". हा रकाना त्या वेळी असता तर सांधे पहिल्याच दिवशी मोजले गेले असते.

इथेच फ्रेम रेटचं सांगून टाकते, कारण ते शेवटी कळलं तर फार त्रास होतो. आमची टाइमलाइन सेकंदाला 25 फ्रेमची होती आणि बनवलेल्या क्लिप 24 च्या. अशी क्लिप तशीच टाकली तर सॉफ्टवेअर बहुतेक वेळा दर सेकंदाला एक फ्रेम दोनदा दाखवतं आणि सरकत्या हालचालीत बारीक झटका दिसतो. लॅम्पच्या शॉटमध्ये तो लपला, पण खिडकीवरून ओघळणाऱ्या थेंबात स्पष्ट दिसला. दुसरा मार्ग म्हणजे तेच फ्रेम 25 च्या वेगाने चालवायचे. मग 5 सेकंदांची क्लिप 4.8 सेकंदांत संपते आणि झटका उरत नाही. पत्रात मी लिहिते, "बनवलेल्या सगळ्या क्लिप 25 ने चालवा. मला हवी असलेली लांबी त्यात बसते." शॉट 3 सेकंदांचा हवा असेल तर क्लिप 5 ची देते, कारण अशा क्लिपची सुरुवात अनेकदा गोठलेली असते आणि शेवटाकडे आकार सैल होऊ लागतात. कामाचं असतं ते मधलं.

राहिल्या फेऱ्या. तीन ठरवते आणि एक फेरी म्हणजे काय तेही लिहिते: सगळ्यांच्या सूचना एकत्र करून, टाइमकोडसह, माझ्याकडून आलेली एकच यादी. क्लायंटने परस्पर फोन केला तर ती फेरी नाही, तो फोन माझ्याकडे वळवायचा. पहिल्या फेरीत क्रम आणि लांबी. दुसरीत कटचे बारीक बदल, आणि तिथे पिक्चर लॉक, म्हणजे त्यानंतर कट हलवायचे नाहीत. तिसरीत फक्त रंग, आवाज आणि अक्षरं. एडिटरकडून नावाचं स्पेलिंग चुकलं तर ती दुरुस्ती फेरीत धरायची नाही. आमच्याकडून नवा शॉट आला तर तीही फेरी नव्हे, ते जादा काम, त्याचा हिशोब वेगळा.

नव्याने बनवण्याची मोजणी मात्र वेगळी ठेवते: प्रत्येक शॉटला चार प्रयत्न, तेही पहिली फेरी संपेपर्यंतच. ते मी करते, एडिटर नाही. त्यानंतर शॉट खटकला तर एडिटिंगमधूनच वाट काढायची: फ्रेम आवळायची, वेग कमी करायचा, वर दुसरा शॉट टाकायचा, नाहीतर तो काढूनच टाकायचा. क्लायंटना हे आधी सांगते तेव्हा त्यांना ते कडक वाटतं. मी त्यांना दोन सांध्यांचा तो शॉट दाखवते.

पुढच्या वर्षी त्याच लॅम्पची छोटी फिल्म आली आणि मी त्याच एडिटरला विचारलं. या वेळी पत्र होतं, पॅक होता, यादी होती. तासाभरात त्याचं उत्तर आलं: "SH06 चा T02 घेतो, पहिले 30 फ्रेम सोडून. लॅम्प उशिरा लावायचा झाला तर आधीच्या पावसाच्या शॉटवर अर्धा सेकंद जास्त थांबता येईल. सांधे मोजले, तीन आहेत."