वरीलप्रमाणे

मागे एकदा दुपारी वहिनींकडे गेले होते. चहा उकळेपर्यंत टेबलावरची डायरी सहज चाळली. लेकीने वाढदिवसाला दिलेली, रोज पाच ओळी छापलेली, ‘आज मी कशासाठी कृतज्ञ आहे’वाली. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात ‘तब्येत, मुलं, घर, पाऊस, चहा’. दुसऱ्या पानावर तेच, फक्त पावसाच्या जागी ऊन. तिसऱ्या पानापासून सरळ ‘वरीलप्रमाणे’. तीस वर्षं कारकुनी केलेली बाई, दुसरं काय लिहिणार!

मला आईचं शिवणयंत्र आठवलं. खंडेनवमीला आई सकाळीच ते उघडायची. बॉबिन केस काढून शटलच्या खाचेत अडकलेला दोऱ्यांचा केर सुईने टोकरायची. त्या करड्या गोळ्यात वर्षभराचे आमचे फ्रॉक, परकर, शेजारणींचे ब्लाउज सगळे एकमेकांत गुंतलेले असायचे. मग भोकाभोकात तेलाचा एकेक थेंब, चाकाला हळदकुंकू, वर झेंडूची माळ. आणि त्या दिवशी मशीन चालवायचं नाही म्हणजे नाही. माझ्या दसऱ्याच्या फ्रॉकची बाही हमखास तेव्हाच उसवायची आणि मी ती हातात धरून मशीनभोवती घुटमळायची. एरवी त्या मशीनकडे कोण बघत होतं? त्याच्यावर इस्त्रीचे कपडे पडलेले असत.

वर्षातून एकदा, एकच वस्तू, आणि तीही दिवसभर बंद. हे ज्याने ठरवलं त्याला माणसाचा स्वभाव बरोबर कळला होता. सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसह २००५ साली मांडलेल्या एका प्रयोगात काही जणांनी सहा आठवडे आठवड्यातून एकदा अशी यादी केली, काहींनी तीनदा. समाधान वाढलं ते एकदावाल्यांचं. २००८च्या दुसऱ्या एका अभ्यासात जोडप्यांतल्या काहींना ‘जोडीदार कसा भेटला’ ते लिहायला सांगितलं, काहींना ‘भेटलाच नसता तर’ ते. नात्याबद्दल जास्त समाधानी निघाले ते दुसरे. मशीन बंद ठेवल्यावरच ते दिसतं, एवढं आईला कुठलाही अभ्यास न वाचता माहीत होतं.

वहिनींना म्हटलं, रोजचं सोडा. रविवारी जेवणं उरकली की बसा आणि आठवड्यातली एकच गोष्ट घ्या. कुणी केलं, त्याला त्यासाठी काय सोसावं लागलं आणि ते झालं नसतं तर तो दिवस कसा गेला असता, एवढंच लिहा. त्यांनी आधी ‘शेजार चांगला आहे’ असं लिहिलं. मी म्हटलं, हे वाक्य पलीकडच्या बिल्डिंगमध्येही जसंच्या तसं चालेल, म्हणजे ते तुमचं नाही. मग जरा विचार करून लिहिलेलं असं: ‘गुरुवारी कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला गॅस संपला. खालच्या काकूंच्या मुलाने त्यांचा भरलेला सिलिंडर खांद्यावरून दोन मजले चढवला. त्यात त्याची ऑफिसची बस गेली. तो नसता तर ह्यांचं पथ्याचं जेवण दुपारी दोनला झालं असतं आणि गोळी त्याहून उशिरा.’ लिहून झाल्यावर त्या एकदम म्हणाल्या, “अगं, त्याच्या बसचं मी त्याला विचारलंच नाही!” आणि डायरी तशीच उघडी टाकून चकल्यांचा डबा घेऊन खाली गेल्या. मला चहा स्वतःच गाळून घ्यावा लागला.

आता त्यांचं बरं चाललंय. एखादा रविवार कोरा जातो, जाऊ दे. काहीच सुचलं नाही तर त्या घरातली एक वस्तू मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवतात. मध्यंतरी बाथरूममधल्या गिझरवर अख्खं पान झालं. ‘वरीलप्रमाणे’ लिहावंसं वाटलं की मात्र दोन आठवडे सुट्टी, हा त्यांनीच केलेला नियम.

एका बाबतीत आमचं दोघींचं एकमत आहे. प्रत्येक दुःखात काहीतरी चांगलं शोधा, असं सांगणारे हल्ली जागोजाग भेटतात. वहिनींच्या निवृत्तीच्या रकमेतला मोठा हप्ता कार्यालयाने अडवून धरलाय. त्यावर कुणीतरी त्यांना सुचवलं, की त्यातूनही संयम शिकायला मिळाला म्हणून आभार माना. वहिनींनी डायरी मिटली आणि अर्ज लिहिला, सहपत्रांसह, तीन प्रतींत. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. मी सोबत जाणार आहे.