पोर्टलंडचे सकाळचे नऊ

पहिला परदेशी क्लायंट मिळाला तेव्हा मी सांगलीत होतो आणि तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पोर्टलंडला. काम साधं होतं: त्याच्या छोट्या दुकानाची वर्डप्रेसवरची साइट सांभाळायची, सोमवारी आणि गुरुवारी अर्धा तास बोलायचं. त्याला सकाळचे नऊ सोयीचे. ऑगस्ट चालू होता, त्यामुळे आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजायचे. जेवण उरकून बसता येत होतं. मी कॅलेंडरमध्ये साडेनऊची मीटिंग टाकली, दर आठवड्याला आपोआप येईल अशी, आणि त्याला निमंत्रण पाठवलं.

चूक तिथेच झाली होती, कळली तीन महिन्यांनी.

3 नोव्हेंबर 2025, सोमवार. साडेनऊला मी लॅपटॉप उघडून बसलो, समोर कुणीच नाही. पावणेदहाला मेसेज टाकला, उत्तर नाही. शेवटी साडेदहाला तो आला, हातात कॉफीचा मग, आणि मलाच विचारतो, "आज आठची मीटिंग का टाकलीस? तेव्हा मी मुलांना शाळेत सोडत असतो."

आदल्या दिवशी, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, तिकडची घड्याळं एक तास मागे गेली होती. उन्हाळ्यात पोर्टलंड आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. आपलं घड्याळ बारा महिने तसंच, म्हणून आपल्या डोक्यात हे येतच नाही. पण खरी गोम अशी की कॅलेंडरमधली आवर्ती मीटिंग ज्या टाइम झोनमध्ये तयार केली त्याच घड्याळाला बांधलेली राहते. मी ती भारतीय वेळेत केली होती, म्हणून माझे साडेनऊ जागेवर राहिले आणि त्याचे नऊचे आठ झाले. त्याने केली असती तर त्याचे नऊ टिकले असते आणि मला आपोआप साडेदहा दिसले असते.

उपाय दोन मिनिटांचा. मीटिंग उघडून वेळेशेजारचा टाइम झोन पॅसिफिक केला आणि सुरुवात सकाळी नऊला लावली. शंका नको म्हणून लिनक्सच्या टर्मिनलवर पडताळूनही पाहिलं:

```
TZ=Asia/Kolkata date -d 'TZ="America/Los_Angeles" 2025-11-03 09:00'
```

उत्तर 22:30. इथे शहराचं नाव देणं महत्त्वाचं आहे; पोर्टलंडचं घड्याळ लॉस एंजेलिसच्याच नावाखाली येतं. "-8" सारखा नुसता आकडा दिला तर मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे गेली की पुन्हा तीच पंचाईत.

यावरून त्याच्या साइटची आठवण झाली. वर्डप्रेसच्या जनरल सेटिंगमध्ये टाइम झोन निवडताना शहरंही असतात आणि UTC-7 असे आकडेही. आधीच्या माणसाने आकडा निवडला होता. आकडा ऋतूप्रमाणे हलत नाही, त्यामुळे रविवारपासून साइटचं घड्याळ तासभर पुढे होतं. मध्यरात्री सुरू व्हायचा सेल आदल्या रात्री अकरालाच लागला असता. यादीतून Los Angeles निवडलं आणि तो प्रश्न मिटला.

वारांचा घोळ वेगळाच. तो "शुक्रवार संध्याकाळपर्यंत" म्हणतो तेव्हा त्याचे पाच म्हणजे हिवाळ्यात आपली शनिवारची सकाळ, साडेसहा. मी शुक्रवारी रात्री जागून काम पाठवत होतो, आणि तो ते सोमवारी उघडायचा! आता मेलमध्ये त्याचा वार आणि त्याचीच वेळ लिहितो, माझी कंसात.

साडेदहाच्या कॉलला दुसरी अडचण विजेची. इन्व्हर्टर होता, तरी लाइट गेली की कॉल तुटायचा. इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर खंड पडतो, तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि नेट यायला दोनतीन मिनिटं जातात. माझ्या इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं बटण आहे, ते दाबल्यावर हा खंड राउटरला जाणवेनासा झाला. तुमच्या इन्व्हर्टरला ते नसेल तर राउटरपुरता छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. फायबरचा डबा राउटरपासून वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप लागतो, नाहीतर वाय-फाय दिसतं पण नेट नसतं.

एवढं करूनही आठवड्यात दोन रात्री साडेदहा मला जड जात होते. आईची झोप हलकी, माझा आवाज भिंतीपलीकडे जायचा. म्हणून हिवाळ्यापुरता सोमवारचा कॉल ठेवला. गुरुवारी त्याऐवजी स्क्रीन रेकॉर्ड करून पाच मिनिटांचा व्हिडिओ पाठवू लागलो: काय बदललं, कुठे अडलंय, त्याच्याकडून कोणता निर्णय हवा. त्याची सकाळ होईपर्यंत तो मेलमध्ये पडलेला असे आणि मी उठेपर्यंत उत्तर.

8 मार्च 2026 च्या रविवारी तिकडची घड्याळं पुन्हा पुढे गेली. सोमवारी माझ्या कॅलेंडरमध्ये साडेनऊ दिसत होते, त्याच्याकडे नऊ. गुरुवारच्या कॉलचा विषय मात्र आम्ही दोघांनीही पुन्हा काढला नाही.