स्कॅन क्लीन आला तरी पकडला गेला: एका रिपोर्टची गोष्ट

मी एका ऑनलाइन शूटर गेमच्या अँटी-चीट टीममध्ये काम करते. आमच्याकडे रोज रिपोर्टचा ढीग येतो आणि त्यातले बरेचसे हरल्याच्या रागातून केलेले असतात, त्यामुळे रिपोर्ट जास्त म्हणजे चीटर असं गणित आम्ही लावत नाही. त्या दिवशी माझ्याकडे जे अकाउंट आलं ते मात्र वेगळं होतं. रिपोर्ट भरपूर, पण क्लायंट स्कॅन एकदम क्लीन.

क्लायंट स्कॅन म्हणजे प्लेअरच्या कॉम्प्युटरवर चालणारा आमचा भाग. तो ओळखीच्या चीटचे तुकडे मेमरीत शोधतो, गेमच्या कोडमध्ये कोणी फेरफार केलाय का बघतो, दुसरा कुठला प्रोग्राम गेमची मेमरी उघडून बसलाय का ते तपासतो. जुनं, सगळीकडे पसरलेलं चीट यात पटकन सापडतं. पण मोजक्याच लोकांना विकलेलं प्रायव्हेट चीट असेल तर त्याची ओळख आमच्या यादीत नसतेच, आणि काही जण तर वेगळं कार्ड लावून दुसऱ्याच कॉम्प्युटरवरून मेमरी वाचतात, मग ह्या मशीनवर सापडायला प्रोग्रामच नसतो.

एमबॉट आणि वॉलहॅक दोघंही एकाच गोष्टीवर जगतात. भिंतीआडचा शत्रू तुम्हाला दिसत नसला तरी तुमच्या कॉम्प्युटरला तो कुठे आहे हे बऱ्याचदा आधीच माहीत असतं, कारण त्याच्या पावलांचा आवाज योग्य बाजूने वाजवायचा असतो आणि तो कोपऱ्यातून बाहेर आला की नेटवर्कची वाट न बघता लगेच दाखवायचा असतो. वॉलहॅक ती जागा वाचून स्क्रीनवर चौकट काढतं. एमबॉट तीच जागा वाचून तुमची नजर किती अंशांनी वळवली की डोक्यावर येईल हे काढतं आणि वळवून टाकतं. सर्व्हरने गरज नसलेल्या शत्रूंची माहिती पाठवूच नये हा उपाय आहे आणि आम्ही तो करतोही, पण कोपऱ्याजवळ थोडी आधी पाठवावीच लागते, नाहीतर माणूस हवेतून उगवल्यासारखा दिसतो.

तर रिप्ले लावला. साधा एमबॉट असता तर दोन मिनिटांत कळलं असतं, नजर एका टिकमध्ये, म्हणजे सर्व्हर खेळ पुढे सरकवतो त्या एका ठोक्यात, अर्धं वर्तुळ फिरून डोक्यावर चिकटते. इथे तसं काहीच नव्हतं. हात छान गुळगुळीत, अधूनमधून चुकणाऱ्या गोळ्यासुद्धा. आमची लीड मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, चांगला खेळतोय एवढंच दिसतंय मला, यावर बॅन नाही करता येणार." बरोबरच होतं तिचं, नुसतं बघून संशय येतो पण पुरावा होत नाही.

मग मी व्हिडिओ सोडून आकडे उघडले. आमचा सर्व्हर सेकंदाला 64 टिक चालवतो, आणि प्रत्येक टिकला प्लेअरची नजर किती अंशावर आहे ते लॉगमध्ये असतं. आता माउसचं असं आहे की तो पावलापावलाने सरकतो, अर्धं पाऊल माउस पाठवतच नाही. ह्या माणसाच्या सेन्सिटिव्हिटीला एक पाऊल म्हणजे 0.033 अंश. म्हणजे हाताने माउस कसाही फिरवा, हळू, जोरात, थरथरत, एका टिकमधला बदल 0.033 च्या पटीतच येणार, 40 पावलं म्हणजे 1.32 अंश. स्कोप लावला की पाऊल लहान होतं आणि गोळी झाडल्यावर बंदूक उडते, म्हणून ते दोन्ही प्रसंग मी बाजूला काढले.

इकडेतिकडे फिरताना त्याचे सगळे आकडे पटीत बसत होते, अगदी स्वच्छ. पण शत्रू समोर आला की पटी तुटायची. एक प्रसंग तर मी कागदावर उतरवला, कारण समोरचा जागेवर उभा होता आणि हिशोब सरळ होता. नजर आणि डोकं यात 12 अंशांचं अंतर. पहिल्या टिकला नजर 3 अंश सरकली, मग 2.25, मग 1.69, मग 1.27. तीनला 0.033 ने भागलं तर 90.9 पावलं येतात, जी कुठलाच माउस टाकू शकत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दर टिकला उरलेल्या अंतराचा बरोबर चौथा हिस्सा कापला जात होता, 12 चे 9, 9 चे 6.75, असंच पुढे. माणसाचा हात आधी वेग घेतो, मग मंदावतो, बहुतेक वेळा थोडा पुढे जाऊन मागे येतो. इथे पहिलाच टिक सगळ्यात मोठा होता, वेग घेणं नाहीच. चीटवाल्यांनी हालचाल माणसासारखी दिसावी म्हणून जे स्मूदिंग घातलं होतं तेच लॉगमध्ये लख्ख दिसत होतं. लीडने कागद हातात घेऊन स्वतः दोन प्रसंग भागून बघितले आणि म्हणाली, "हे पक्कं आहे. पण भिंतीचं काय?"

भिंतीमागे नजर धरणं हा वेगळाच अवघड मामला. पावलं ऐकू आली असतील, टीममेटने सांगितलं असेल, किंवा नकाशा इतका पाठ असेल की शत्रू येणार कुठून हे माहितीच असेल, आणि चांगले प्लेअर खरंच असं करतात. म्हणून आम्ही खोटा शत्रू लावला. सर्व्हर फक्त त्याच अकाउंटला एक पात्र पाठवतो, त्याचा गेम ते स्क्रीनवर काढत नाही, आवाज नाही, नुसतं मेमरीत असतं. कॉल ऑफ ड्यूटी गेमच्या रिकोशे नावाच्या अँटी-चीट टीमने 2023 मध्ये ह्याच धर्तीची गोष्ट जाहीर केली होती. पात्राची चाल आम्ही एका खऱ्या प्लेअरच्या रेकॉर्डिंगमधून घेतो, नाहीतर चीट त्याला खोटं म्हणून ओळखून गाळून टाकतं. आणि ते मुद्दाम अशा जागी ठेवतो जिथे कोणी उगाच नजर लावत नाही.

त्याच्या पुढच्या मॅचमध्ये पात्र कंटेनरच्या मागून उजवीकडे चालत गेलं, मध्ये थांबलं, मग परत निघालं. ह्याची नजर भिंतीवरून त्याच्यासोबत सरकली, थांबली, परत निघाली. मी ओरडलेच जवळजवळ! योगायोग नको म्हणून त्याच जागेवरचे त्याचे जुने राउंड बघितले, जिथे पात्र नव्हतं, तिथे त्याने त्या भिंतीकडे ढुंकूनही बघितलेलं नव्हतं.

अकाउंट लगेच बंद केलं नाही. लगेच बॅन केलं की विकणाऱ्याला कळतं नेमकं काय पकडलं गेलं, म्हणून ते पुढच्या मोठ्या बॅचमध्ये टाकलं, आणि तोवर तीच 'चौथा हिस्सा' खूण बाकीच्या लॉगमध्ये शोधायला लावली. तीच खूण असलेली आणखी अकाउंट्स निघाली, म्हणजे चीट एकच होतं. ही तपासणी कायम पुरेल असं नाही. चीटने नजर थेट न लिहिता खोट्या माउसमधून पूर्ण पावलं पाठवली तर पटीची परीक्षा ते पास होईल, मग वेगाचा आकार आणि खोटं पात्र एवढंच हातात उरतं.

त्याच दुपारी रिपोर्टच्या ढिगातला दुसरा एक प्लेअर मी ह्याच दोन्ही कसोट्यांना लावला, त्याच्यावर तर रिपोर्ट जास्तच होते. सगळे आकडे पटीत, नजर थोडी पुढे जाऊन मागे येणारी, आणि खोटं पात्र त्याच्या नाकासमोरच्या भिंतीमागून गेलं तरी हा निवांत दुसऱ्या दरवाजाकडे बघत होता. त्याची फाइल मी क्लीन म्हणून बंद केली आणि पुढच्या वेळी नुसत्या रिपोर्टवरून त्याचं अकाउंट अडकू नये म्हणून तशी नोंद टाकली.