रात्रपाळीत सुटलेला सोल

भिवंडीच्या एका गोडाऊनवर मी रात्रपाळीचा गार्ड आहे. रात्री आठ ते सकाळी आठ. दर तासाला एक राऊंड, आणि मधला वेळ बहुतेक डॉकपाशी उभं राहण्यात जातो. फरशी ट्रीमिक्सची, म्हणजे घोटून गुळगुळीत केलेलं काँक्रीट. दिसायला छान, पण ते तसूभरही दबत नाही. पावलाचा सगळा दणका टाचेलाच परत मिळतो.

एजन्सीने दिलेले काळे चकचकीत बूट वर्षभर घातले. त्यांचा सोल कडक पीव्हीसीचा. आषाढात टाच धरली. दुपारी झोपून उठलो की पहिली चार पावलं खिळ्यावर ठेवल्यासारखी, मग जरा बरं, आणि पहाटे पुन्हा ठणका. डॉक्टर म्हणाले, टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, तो ताणला गेलाय. पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम दाखवला आणि आधी बूट बदला म्हणाले.

घरी जुन्या कंपनीतले सेफ्टी शूज होते, पीयू सोलचे. मऊ, जाड. पाच वर्षांपूर्वी मिळालेले, दोनदा घातलेले, ‘चांगले आहेत, राहू देत’ म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खोक्यात ठेवलेले. त्या रात्री तेच घातले. पहिले सहा राऊंड स्वर्ग! पायांखाली गादी.

तीनच्या राऊंडला टाचेखाली काहीतरी भुसभुशीत लागलं. बॅटरी मागे मारली तर फरशीवर काळ्या चुऱ्याची रांग. मला आधी उंदरांचा उपद्रव वाटला. दहा पावलांवर उजव्या बुटाची टाच निघून मागेच राहिली. उचलली तर बोटांत शिळ्या केकसारखी कुस्करली.

पॅकिंगची टेप गुंडाळून चालायला गेलो, तर डॉकच्या ओल्या उतारावर पाय सटकला. कठडा हाताशी होता म्हणून वाचलो. गुळगुळीत टेप आणि ओलं काँक्रीट यांचं कधीच जमत नाही. शेवटी गेटवरच्या काकांची रबरी चप्पल घालून उरलेले राऊंड मारले. कॅमेऱ्यात चप्पल दिसली म्हणून सुपरवायझर साहेबांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

सकाळी नाक्यावरच्या चर्मकार दादांना बूट दाखवला. त्यांनी तो हातात फिरवला आणि विचारलं, “पेटीत ठेवला होता ना?” पीयू दमट हवेत आतून सडतो, म्हणाले. हवेतली ओल त्याचे धागेच तोडते. वरून तो कोरा दिसतो, पण वजन पडलं की भुगा. “आमच्याकडे पावसाळ्यात असे किती येतात! लोक म्हणतात, नवा होता हो.” चिकटवून उपयोग नसतो, कारण चिकटवायला घट्ट काही उरतच नाही. मग त्यांनी जिभेवरचं लेबल दाखवलं. सेफ्टी शूजवर बनवल्याची तारीख छापलेली असते. मी पाच वर्षांत एकदाही वाचली नव्हती.

दुकान उघडेपर्यंत थांबलो आणि ड्यूटीवरून तसाच गेलो. हे बरं झालं. बारा तासांत पाय सुजतो, आणि बूट त्या सुजलेल्या पायाला बसायला हवा. एरवी आठ नंबर घालणारा मी, मला नऊ लागला. ड्यूटीचेच मोजे घालून उभा राहिलो, सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा ठेवली. मग दोन्ही हातांनी बूट वाकवला. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे. पहिला जोड मध्येच दुमडला, तो बाजूला ठेवला. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबून पाहिला, तो पिचला नाही. दुकानदार सगळ्यात मऊ जोड पुढे करत होता, पण नुसता मऊपणा मी एका रात्रीत पाहून घेतला होता. घेतला तो खाली रबर आणि मध्ये ईव्हीएचा फोम असलेला. ईव्हीएचा असा भुगा होत नाही, पण तो हळूहळू चपटा होऊन बसतो. बाजूला आडव्या सुरकुत्या पडल्या आणि दाबल्यावर फुगून वर येईना, की समजायचं. रंग काळा, लेस असलेला, म्हणजे साहेबही गप्प.

टाचेचं दुखणं लगेच थांबलं नाही. दोनेक महिने लागले, व्यायामासकट. मोजे मात्र आता दोन जोड नेतो, रात्री दोनला बदलतो. घामाने ओला पाय बुटात सरकतो आणि फोड येतात, हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

नवा बूट घेतला त्याच दुपारी गावाकडे धाकट्याला फोन लावला. आबांसाठी पाठवलेला तसलाच जोड लग्नकार्यासाठी ट्रंकेत जपून ठेवला होता. म्हटलं, “काढ आणि वाकवून बघ.” थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, “दादा, हातात नुसती शेव आली रे.”