अर्धवाक्याची मोकळीक

हर्णै बंदराजवळच्या एका मच्छीमार संस्थेत मी सूचना लिहिण्याचे काम करतो. नारळी पौर्णिमेनंतरच्या एका संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा आला आणि मी सुमारे 810 अक्षरांचा मजकूर एक्सवर टाकण्यासाठी तयार केला. तिथे विनामूल्य खात्याला एका पोस्टमध्ये 280 अक्षरे मिळतात, म्हणून मी 280 च्या आसपास येईल तिथे मजकूर तोडून तीन पोस्टची मालिका केली.

दुसरी पोस्ट "ही सूचना लहान होड्यांना लागू नाही;" या शब्दांवर संपली आणि तिसरी "मात्र त्यांनीही खाडीबाहेर जाऊ नये" अशी सुरू झाली. अर्ध्या तासात एका तांडेलाचा फोन आला. "भाऊ, लहान होडीला मोकळीक आहे ना?" त्याच्या व्हॉट्सॲप गटात फक्त दुसऱ्या पोस्टचे चित्र फिरत होते. मधली पोस्ट कोणी पुढे पाठवली की मागचापुढचा मजकूर तिच्यासोबत जात नाही, हे मला ठाऊक असूनही मी तिचा विचार केला नव्हता. मी ती मालिका काढून टाकली, पण फिरणारे चित्र काढणे माझ्या हातात नव्हते.

पुन्हा लिहिताना मी आधी "ही", "तिथे", "वरील", "उद्या" हे शब्द शोधले, कारण त्यांचा अर्थ पोस्टच्या बाहेर असतो. "उद्या" तर दुसऱ्या दिवशी वाचणाऱ्याला सरळ चुकवतो. त्यांच्या जागी नाव आणि तारीख आली, आणि "मात्र" ने सुरू होणारा अपवाद मूळ सूचनेच्याच पोस्टमध्ये बसवला. ती पोस्ट अशी झाली:

"हर्णै बंदर, 19 ऑगस्ट : लहान होड्यांनी आंजर्ल्याच्या खाडीतच राहावे, खाडीच्या मुखाबाहेर जाऊ नये. खुल्या समुद्रातील मासेमारी सर्व होड्यांसाठी 21 ऑगस्टच्या सकाळपर्यंत बंद."

सुरुवातीचे ठिकाण आणि तारीख प्रत्येक पोस्टमध्ये ठेवली. त्यात वीसेक अक्षरे गेली, आणि मराठीत ती वाटतात त्याहून लवकर जातात: "हर्णै" आपल्या डोळ्याला दोन अक्षरे दिसतात, पण मोजणीत ह, र, हलन्त, ण आणि मात्रा अशी पाच होतात. जागा करण्यासाठी नमस्कार, आभार आणि "सर्वांनी सहकार्य करावे" हे वाक्य गाळले. संस्थेच्या अध्यक्षांना ते गाळलेले फारसे आवडले नाही. पहिली पोस्ट "महत्त्वाची सूचना, पुढे वाचा" अशी नव्हे, तर थेट बंदीचीच ठेवली, कारण अनेकजण तिच्यापुढे जातच नाहीत. तरी मालिका चार पोस्टची झाली.

टाकण्यापूर्वी मी बर्फाच्या कारखान्यातल्या एका मुलाला शेवटून पहिल्यापर्यंत एकेक पोस्ट दाखवली आणि प्रत्येक वेळी एकच विचारले, "कोणी, कुठे, कधीपर्यंत?" तिसरीवर तो अडखळला, कारण तिथे मी "बोटी परत आणा" एवढेच लिहिले होते, कोणत्या बंदरात, ते नव्हते. ते घातले आणि रात्री साडेनऊला चारही पोस्ट एकत्र टाकल्या.